सगळ्यांचं कॅरेक्टर शेवटी सारखंच का होतं: स्किल ट्रीमधले पॉइंट, पूर्वअटी आणि रिस्पेक

प्रश्न: आमच्या ॲक्शन आरपीजीत तीन शाखांचं स्किल ट्री आहे: अग्नी, हिम आणि रक्षण. प्रत्येक शाखेत १५ नोड, म्हणजे एकूण ४५. खालून वर ३, ५, ५ आणि टोकाला २ मोठे नोड, मधे बाणांनी जोडलेले. कमाल लेव्हलपर्यंत ३० पॉइंट मिळतात. टेस्टिंगमध्ये जवळजवळ प्रत्येकाचं कॅरेक्टर शेवटी सारखंच होतं. पूर्वअटी कशा लावल्या तर बिल्ड, म्हणजे निवडलेल्या नोडांचे संच, खरंच वेगळे होतील? आणि रिस्पेक, म्हणजे टाकलेले पॉइंट परत घेणं, फुकट ठेवावं की महाग?

उत्तर:

नोडमध्ये काय लिहिलंय ते पाहण्याआधी पॉइंटांचा हिशेब करा, कारण तुमची निम्मी अडचण तिथेच आहे. ४५ नोडपैकी ३० घेता येतात. मी ३० घेतले तर मी न घेतलेले १५ उरतात. दुसऱ्या खेळाडूने ठरवून माझ्या उलट जायचं म्हटलं तरी त्याला हे १५ घेऊन आणखी १५ माझ्यातलेच घ्यावे लागतात. म्हणजे कोणत्याही दोन कॅरेक्टरांचा निम्मा भाग सारखा असणारच. नोड कितीही कल्पक असले तरी हा आकडा हलत नाही. प्रत्यक्षात साम्य याहून जास्त असतं, कारण लोक काही उलटं जायचं म्हणून नोड घेत नाहीत.

माझा ठोकताळा असा की एकूण पॉइंट एकूण नोडांच्या ४० टक्क्यांच्या आसपास असावेत. ४५ नोडांना १८ पॉइंट. मग दोन बिल्डमध्ये एकही नोड समान नसणं निदान शक्य तरी होतं. दुसरा मार्ग म्हणजे पॉइंट ३० ठेवून नोड ७५ करायचे, पण त्यासाठी घेण्यासारखे ३० नवे नोड सुचायला हवेत. बहुतेक वेळा ते सुचत नाहीत आणि झाड ‘आणखी २ टक्के’ असल्या भरतीने फुगतं. म्हणून पॉइंट कमी करा. ३० लेव्हल-अपपैकी १८ वेळा पॉइंट द्या आणि उरलेल्या १२ वेळा लाइफ आणि डॅमेजची सरळ वाढ द्या. ही सरळ वाढ पुढे एका वेगळ्या कामासाठीही उपयोगी पडणार आहे.

आता पूर्वअटी. इथे ‘बाण’ आणि ‘उंबरठा’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची कामंही वेगळी आहेत. बाण म्हणजे ‘हा नोड घेण्याआधी तो अमुक नोड घेतलेला हवा’. उंबरठा म्हणजे ‘या पायरीवर येण्याआधी शाखेच्या खालच्या पायऱ्यांत इतके पॉइंट टाकलेले हवेत’, मग ते कोणत्याही नोडमध्ये का असेनात. तुमच्याकडे फक्त बाण आहेत. खालून वर चार पायऱ्या, म्हणजे टोकाचा नोड चार पॉइंटांत हाती लागतो. तिन्ही शाखांची टोकं १२ पॉइंटांत! ३० पॉइंटांचा खेळाडू तिन्ही टोकं घेतो आणि उरलेले १८ पॉइंट जे सगळ्यात जोरदार वाटेल त्यावर टाकतो. त्याला काहीही सोडावं लागलेलं नाही. जिथे सोडावं लागत नाही तिथे निवडही होत नाही.

टोकाच्या नोडला मी पुढे ‘शिखर’ म्हणतो. शिखराची खरी किंमत म्हणजे ते आणि तिथवरच्या सर्वांत स्वस्त वाटेवरचे सगळे पॉइंट मिळून होणारी बेरीज. तीन शाखांच्या झाडात ही किंमत एकूण पॉइंटांच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त आणि निम्म्यापेक्षा थोडी कमी असावी. १८ पॉइंटांत ती ६ पेक्षा जास्त आणि ९ पेक्षा कमी होते. आपण ८ धरू. तिन्ही शाखांची शिखरं २४ ला पडतात, म्हणून अशक्य. दोन शाखांची १६ ला पडतात आणि दोन पॉइंट उरतात, म्हणजे जमतं पण चणचण भासते. एक शिखर घेणाऱ्याकडे दहा पॉइंट मोकळे राहतात. हे ८ मिळवायला उंबरठे असे लावा: दुसऱ्या पायरीला खाली २ पॉइंट, तिसरीला ४, शिखराला ७. खालच्या तीन पायऱ्यांत १३ नोड आहेत आणि त्यांतले ७ घ्यायचे आहेत, म्हणून एकाच शिखरावर पोहोचलेल्या दोन खेळाडूंची वाट बरीच वेगळी असू शकते. हेच आठ तुम्ही आठ नोडांच्या बाणांच्या साखळीने साधलं असतं तर शिखर घेणाऱ्या प्रत्येकाचे आठही नोड तेच राहिले असते. किंमत सारखी, पण तिथे निवड शून्य.

२००४ च्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचं टॅलेंट ट्री या हिशेबाने पाहण्यासारखं आहे. लेव्हल ६० ला ५१ पॉइंट, प्रत्येक पुढच्या ओळीसाठी त्या झाडात आणखी पाच पॉइंटांची अट, आणि तळाचा टॅलेंट ३१ वा पॉइंट. दोन तळांना ६२ लागतात, म्हणून एकच शक्य, वर २० शिल्लक. झाडं तीन असूनही एका क्लासचे आकार मोजकेच होत ते यामुळे. त्याच्या पाच-पाचच्या उंबरठ्याचा दुसरा परिणामही लक्षात घ्या. ओळीत घेण्यासारखे तीनच पॉइंट असले की उरलेले दोन ‘त्यातल्या त्यात बऱ्या’ टॅलेंटमध्ये जात. उंबरठा लावताना हे तपासायचंच: खालच्या पायऱ्यांत कोणत्याही एका बिल्डला मनापासून हवे असलेले नोड उंबरठ्याच्या आकड्यापेक्षा जास्त आहेत का? आपल्या झाडात ७ हवेत, तर प्रत्येक बिल्डला १३ पैकी निदान ९ तरी कामाचे वाटले पाहिजेत. नाहीतर उंबरठा म्हणजे नुसता जकातनाका.

मग बाण कुठे ठेवायचे? जिथे खालच्या नोडशिवाय वरच्याला अर्थच नाही तिथेच. ‘जळता शत्रू मेला की स्फोट होतो’ हा नोड ‘तुमचे वार शत्रूला जाळतात’ याच्याशिवाय निरर्थक आहे, तिथे बाण हवा. ‘जाळ दोन सेकंद जास्त टिकतो’ आणि ‘आगीपासून संरक्षण’ यांच्यात बाण ठेवण्याचं काही कारण नाही. आणि शक्य तिथे बाण ‘यांपैकी कोणताही एक’ असा ठेवा. एका नोडला दोन वाटा असल्या की तोच नोड दोन वेगळ्या कॅरेक्टरांच्या कामी येतो.

एक खाच मात्र इथे राहते. दोन शिखरं गाठणारा प्रत्येक शाखेत सात खालचे नोड घेतो, त्यांतले तीन तिसऱ्या पायरीचे असू शकतात. म्हणजे त्याच्याकडे तिसऱ्या पायरीचे सहा नोड आणि वर दोन शिखरं. तिन्ही शाखांत सहा-सहा पॉइंट टाकणाऱ्याला प्रत्येकीत चार खालचे आणि दोन तिसऱ्या पायरीचे मिळतात. त्याच्याकडेही तिसऱ्या पायरीचे सहाच, पण शिखर एकही नाही. नुसत्या हिशेबात हा पसरट बिल्ड हरतो, आणि तुम्ही काही केलं नाही तर तो कोणी करणारच नाही. यावर उपाय म्हणजे दुवे. शाखांच्या जोड्या तीन: अग्नी-हिम, हिम-रक्षण, रक्षण-अग्नी. प्रत्येक जोडीसाठी एक दुवा-नोड तिसऱ्या पायरीवर ठेवा, ज्याचा बाण दुसऱ्या शाखेतल्या एका नोडकडून येतो. गोठलेल्या शत्रूला जाळलं की वाफेचा ढग उठतो आणि त्यात तुम्ही दिसत नाही, ढालीवर वार अडवला की मारणारा पेट घेतो, असे. दोनच शाखांत खेळणाऱ्याला एकच दुवा मिळतो, पसरट बिल्डला तिन्ही. त्याचं शिखर म्हणजे हे तीन दुवे.

इथवर झाडाचा सांगाडा झाला. आता नोडमध्ये काय आहे ते पाहू, कारण सांगाडा चोख असूनही सगळे एकाच ठिकाणी पोहोचण्याचं दुसरं कारण गुणाकारात आहे.

समजा झाडात चार प्रकारची वाढ आहे: डॅमेज, वाराचा वेग, क्रिटची कमाई आणि शत्रूचं चिलखत भेदणं. हे चार एकमेकांशी गुणले जातात आणि एका प्रकारातले नोड आपसात मिळवले जातात, बहुतेक गेममध्ये असतं तसं. प्रत्येक नोड १० टक्के देतो. बारा नोड एकाच प्रकारात टाकले तर २.२ पट. चार प्रकारांत तीन-तीन वाटले तर १.३ चा चौथा घात, म्हणजे जवळजवळ २.८६ पट. वाटून घेणं केव्हाही सरस, आणि ते प्रत्येक कॅरेक्टरला सारखंच लागू. अग्नीवाला असो की हिमवाला, दोघंही त्याच बारा नोडांवर येऊन पोहोचतात. टेस्टर आळशी नाहीत, त्यांनी बरोबर गणित केलंय.

म्हणून कोणालाही, कधीही, कसंही खेळलं तरी उपयोगी पडणारी टक्केवारी झाडात ठेवूच नका. ती त्या १२ लेव्हल-अपमध्ये हलवा, काही हत्यारांत टाका. झाडातल्या प्रत्येक आकड्याला एक अट जोडा, आणि अटी एकमेकींशी भांडणाऱ्या निवडा. ‘एका जागी उभे असताना’ आणि ‘धावताना’. ‘लाइफ पूर्ण असताना’ आणि ‘लाइफ एक तृतीयांशाखाली असताना’. ‘जवळ तीनपेक्षा जास्त शत्रू असताना’ आणि ‘एकटाच शत्रू समोर असताना’. ज्याने उभं राहून मारण्याचे चार नोड घेतले त्याच्यासाठी धावण्याचे नोड आपोआप निरुपयोगी ठरतात, त्यांना कुलूप लावावं लागत नाही. भांडणाऱ्या अटी हीच बिल्ड वेगळे ठेवण्याची खरी यंत्रणा आहे. पूर्वअटी तिला जागा करून देतात, इतकंच.

शिखरांना हीच गोष्ट मोठ्या प्रमाणात करायची असते. पाथ ऑफ एक्झाइलमधला केऑस इनॉक्युलेशन हा कीस्टोन याचा स्वच्छ नमुना आहे. तो घेतला की कमाल लाइफ १ होतं आणि केऑस डॅमेज लागत नाही. एका नोडने त्या प्रचंड झाडातले लाइफचे सगळे नोड मातीमोल होतात आणि लाइफच्या आधी मार झेलणाऱ्या एनर्जी शील्डचे नोड सोन्याचे. चांगलं शिखर असंच, बाकीच्या झाडाची भावपट्टी बदलून टाकणारं.

तुमच्या अग्नी शाखेची दोन शिखरं या नजरेने घडवून पाहू. साधा वार १०० डॅमेज करतो आणि जाळ चार सेकंदांत आणखी ४० करतो, असं धरा.

पहिलं शिखर ‘राखेचा करार’: थेट वाराचं डॅमेज शून्य, जाळ ४० ऐवजी १६०, आणि प्रत्येक वाराचा जाळ स्वतंत्र चालतो. चार सेकंदांचा हिशेब केला तर साध्याचे १४०, कराराचे १६०. पण पहिल्या सेकंदाअखेर साध्याने ११० केलेले असतात आणि कराराने फक्त ४०. म्हणजे सेकंदभरात मरणाऱ्या किरकोळ शत्रूंसमोर हा खेळाडू लंगडा, बॉससमोर भारी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आता त्याला वेळ विकत घ्यायचा आहे. थेट वाराचे क्रिट त्याला नकोत. जाळ टिकवणारे नोड हवेत, हिमातले शत्रूला संथ करणारे नोड हवेत, रक्षणातलं मागे सरकताना ढाल धरणं हवं. वार करायचा, दूर व्हायचं आणि राख होण्याची वाट पाहायची, असा त्याचा खेळ होतो.

दुसरं शिखर ‘पहिला घाव’: पूर्ण लाइफ असलेल्या शत्रूवर वार तिप्पट, त्यानंतरचा प्रत्येक वार ३० टक्के कमी. ३०० लाइफचा शत्रू एका फटक्यात संपतो. ३००० चा बॉस साध्या वाराने ३० फटक्यांत मरतो. इथे पहिला ३०० आणि मग ७०-७० चे ३९, म्हणजे ४० फटके लागतात. जाळाची भर दोन्हीकडे बाजूला ठेवली आहे. हा खेळाडू झुंडीत घुसतो, प्रत्येकाला एकेकदा शिवतो आणि बॉससमोर घामाघूम होतो. त्याला वेग हवा, झेप हवी, बॉससाठी दुसऱ्या शाखेची काही तजवीज हवी.

दोन्ही शिखरं एकत्र घेता येऊ नयेत म्हणून ‘यांपैकी एकच’ असा नियम लिहायची गरज नाही. शून्याची तिप्पट शून्यच. जिथे शिखरं आपणहून एकमेकांना मारक ठरतात तिथे खेळाडूला ते स्वतः उमगतं. कुलपाची पाटी दिसली की मात्र त्याला वाटतं, आपल्याला काहीतरी नाकारलं जातंय. मात्र टूलटिपमध्ये हिशेब उघड दाखवा: ‘तुमचा सध्याचा वार १०० वरून ० होईल, जाळ ४० वरून १६०’. हे न दाखवता शिखर विकलं तर पहिल्याच रात्री लोक ‘नोड बिघडलाय’ म्हणून तक्रार नोंदवतील.

बदल केल्यावर वेगळेपण खरंच आलं का, हे डोळ्यांनी ठरवू नका. कमाल लेव्हलच्या टेस्टरांच्या जोड्या लावा आणि प्रत्येक जोडीत किती नोड समान आहेत ते मोजा. ४५ मधून १८ डोळे मिटून उचलले तर सरासरी ७.२ नोड जुळतात (१८ गुणिले १८ भागिले ४५). उंबरठ्यांमुळे सगळ्यांना खालच्या पायऱ्यांतून जावं लागतं, म्हणून ८–९ सुद्धा ठीक. सरासरी १२ च्या वर गेली तर एकच बिल्ड निरनिराळे कपडे घालून फिरतोय असं समजा. मग नोडवार पाहा. पाचांतले चार जण जो नोड घेतात तो झाडातून काढून सगळ्यांना पहिल्यापासून देऊन टाका, तो निवड नाहीच. जो जवळजवळ कोणीच घेत नाही त्याच्या बाबतीत आधी बघा की तिथवर पोहोचणारे किती होते. अनेकदा नोड चांगला असतो, पण त्याची वाट नको असलेल्या नोडांतून जाते.

नोड वेगळे असले म्हणजे खेळ वेगळा होतोच असं नाही, म्हणून दुसरं मोजमापही लागतं. शत्रूपासूनचं सरासरी अंतर, लढाईत हलण्यात गेलेला वेळ, पहिल्या वारापासून शत्रू मरेपर्यंतचा वेळ: हे तीन आकडे प्रत्येक लढाईचे नोंदवा. कराराचा खेळाडू आणि पहिल्या घावाचा खेळाडू या तिन्हींत ठळकपणे वेगळे दिसायला हवेत. तसे दिसत नसतील तर अटी पुरेशा भांडत नाहीत, आकडे वाढवून उपयोग नाही.

रिस्पेककडे येतो. ‘फुकट की महाग’ हा प्रश्न मी तीन तुकड्यांत मोडतो, कारण खेळाडू तीन वेगळ्या कारणांनी पॉइंट परत मागतो. एक, त्याच्याकडून चूक झाली. दोन, त्याला वेगळं काही करून बघायचंय. तीन, पुढच्या बॉससाठी सोयीचं कॅरेक्टर हवंय आणि त्यानंतर पुन्हा जुनं. पहिली दोन कारणं अडवू नयेत. तिसरं मोकळं सोडलं तर वर केलेली सगळी मेहनत वाया जाते. झुंडीसाठी पहिला घाव, दारापाशी थांबून करार, बॉस पाडून पुन्हा घाव. दोन्ही शिखरांचे तोटे पुसले जातात आणि प्रत्येकाकडे सगळंच असतं. काही गेम जाणूनबुजून असे असतात, डायब्लो ३ मध्ये स्किल फुकट बदलता येतात. तो सरळ मार्ग आहे, पण मग ते कपाट आहे असं समजून डिझाइन करावं लागतं. पूर्वअटींचं झाड तिथे अडगळ होते.

उलट टोकाला डायब्लो २. २००० साली आला तेव्हा त्यात पॉइंट परत मिळत नसत. स्किल लेव्हल १, ६, १२, १८, २४ आणि ३० ला उघडत. चूक सुधारता येत नाही म्हटल्यावर जाणते खेळाडू सुरुवातीच्या स्किलमध्ये पॉइंट न टाकता साठवून ठेवत आणि २४ किंवा ३० ची वाट पाहत. म्हणजे गेमचा पहिला मोठा भाग झाडाशिवायच खेळत. २००३ च्या १.१० पॅचने सुरुवातीच्या स्किलमधले पॉइंट नंतरच्या स्किलना बळ देऊ लागले, त्याने ही साठवण सैल झाली. परत मिळण्याची सोय मात्र २०१० च्या १.१३ पॅचमध्ये आली: प्रत्येक डिफिकल्टीत अकारा या पात्राकडून एकदा, शिवाय त्यासाठीचं टोकन. तुमच्या टेस्टरांकडे पॉइंट न वापरता पडून राहत असतील, तर रिस्पेक अति महाग आहे किंवा पुढचं झाड दिसत नाही, या दोनांतलं एक नक्की.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने सुरुवातीला चढती किंमत ठेवली होती: पहिल्यांदा १ गोल्ड, मग ५, पुढे पाच-पाचने वाढत ५० पर्यंत. २००९ मध्ये दोन बिल्ड जवळ ठेवायची सोय द्यावी लागली. चढत्या किमतीत माझ्या मते मूळ दोष हा की ती चुकांची नाही तर कुतूहलाची मोजदाद करते. सहा वेळा करून बघणारा खेळाडू तुमचा सर्वांत चांगला खेळाडू असतो, आणि त्यालाच सर्वांत जास्त मोजावं लागतं.

तुमच्यासाठी मी असं ठेवेन. पहिल्या आठ पॉइंटांपर्यंत, म्हणजे पहिलं शिखर हाती येईपर्यंत, सगळं फुकट आणि कुठेही. ते शिकण्याचे दिवस आहेत. त्यानंतर साधा नोड एकेक करून परत करता यावा, किंमत त्या लेव्हलच्या साधारण एक मिनिटाच्या कमाईइतकी. शिखराची किंमत आठ मिनिटांच्या कमाईइतकी. दोन शिखरांचा पूर्ण बिल्ड मोडायला १६ साध्या नोडांची १६ मिनिटं आणि दोन शिखरांची १६, मिळून अर्ध्या तासाच्या आसपास पडतात. नवं काही करून बघायला अर्धा तास कोणी अडखळत नाही. पण प्रत्येक बॉसआधी आणि नंतर शिखर बदलणं अंगाशी येतं. किंमत नाण्यांत ठरवू नका, मिनिटांत ठरवा आणि लेव्हलप्रमाणे नाण्यांत बदला. ठराविक नाणी ठेवली तर नवख्याला ती डोंगर वाटतात आणि शेवटच्या लेव्हलला चिल्लर. शिवाय बदल फक्त तळावर, मोहीम सुरू असताना नाही. हा जागेचा नियम नाण्यांपेक्षाही जास्त काम करतो.

एकेक नोड परत घेताना एक चूक फार ठिकाणी दिसते. प्रोग्रामर फक्त ‘या नोडवर थेट बाणाने अवलंबून असलेलं काही आहे का’ इतकंच तपासतो. ‘कोणताही एक’ प्रकारच्या बाणांत हे विनाकारण अडवतं, कारण वरच्या नोडला दुसरी वाट शिल्लक असते. उंबरठ्यात उलटं होतं: खालचा एक नोड काढला, सातचे सहा झाले, पण बाण नसल्याने शिखर तसंच राहिलं. आठ पॉइंटांचं शिखर सातांत! आणि दोन नोड एकमेकांचे पर्यायी आधार असतील तर खालचा धागा काढल्यावर ते एकमेकांना धरून हवेत तरंगत राहतात. तिन्हींवर एकच उपाय आहे. नोड काढून पाहा आणि उरलेला संच शून्यापासून पुन्हा बांधता येतो का ते तपासा.

```python
def unlocked(n, got, nodes):
    if n.any_of and not (n.any_of & got):
        return False
    below = sum(1 for x in got
                if nodes[x].branch == n.branch
                and nodes[x].tier < n.tier)
    return below >= n.gate

def valid(picked, nodes):
    got, changed = set(), True
    while changed:
        changed = False
        for i in picked - got:
            if unlocked(nodes[i], got, nodes):
                got.add(i)
                changed = True
    return got == picked
```

`below` मध्ये फक्त खालच्या पायऱ्यांचे पॉइंट मोजलेत हे पाहा. सगळ्या शाखेचे मोजले तर शिखर शाखेतल्या दुसऱ्या शिखराचा उंबरठा भरू लागतं. क्रमाची काळजी नको, कारण नोड वाढले की वाटा उघडतात, कधीच बंद होत नाहीत. याच कारणाने ‘हा असेल तर तो नाही’ असे नियम या फंक्शनमध्ये घुसवू नका, ते वेगळे तपासा. आणि नकार देताना नुसतं ‘काढता येत नाही’ म्हणू नका. `picked - got` मध्ये उरलेले नोड म्हणजेच अडणारे नोड, ते लाल करून दाखवा. खेळाडूला तेही एकदम परत करता यावेत.

परत घेण्यातून फुकटची कमाई होत नाही ना, तेही बघा. ‘वस्तू बनवायला २० टक्के कमी साहित्य’ असा नोड झाडात असेल तर लोक तो घेतील, महिन्याभराचं सामान बनवतील आणि परत करतील. ज्याचा फायदा नोड गेल्यावरही मागे राहतो, असे नोड लढाईच्या झाडात नकोत. कूलडाऊनही स्किलच्या नावावर धरून ठेवा. स्किल परत करून पुन्हा घेतली तर राहिलेले सेकंद तेच राहिले पाहिजेत.

पॅचमध्ये तुम्ही एखाद्या नोडचा आकडा बदललात तर तो नोड असलेल्या प्रत्येकाला एक पूर्ण रिस्पेक फुकट द्या, बदल त्याच्या फायद्याचा असला तरीही, कारण भाव बदलला की बाकीच्या १७ पॉइंटांचाही विचार बदलतो. बाण किंवा उंबरठे बदलले असतील तर सेव्ह उघडताना वरचं `valid` चालवा. संच अवैध निघाला तर गुपचूप एखादा नोड काढून टाकू नका. अठराही पॉइंट परत द्या, जुना बिल्ड झाडावर फिकट रंगात दिसत राहू द्या आणि पहिली निवड करेपर्यंत त्याला तळावरच ठेवा. नाहीतर तो अर्ध्या बिल्डने मोहिमेवर जाईल आणि मेल्यावर त्याला कळेल की काहीतरी गेलंय.